ट्रॅव्हल्सच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं पान आहे, तरी तेच ते फोन यायलेत. पान मांडायचं कसं?

सातरस्ता_सई
नमस्कार मंडळी. मामांचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे सोलापूर स्टेशनजवळ. वर्षभर झालं, बुकिंग आणि वेबसाइट दोन्ही मीच बघते. बसने तिरुपती आणि अष्टविनायक, रेल्वेने काशी-प्रयाग अशा ग्रुप ट्रिपा असतात. दिवाळीत मी बसून ४३ प्रश्नांचं पान केलं, बुकिंग, पेमेंट, कागदपत्रं, सामान, मुलं, रद्द करणं सगळं लिहिलं. तरी सकाळी दहापासून फोन सुरू. बस कुठं थांबणार, आधार ओरिजिनल लागतं का, मुलाचं अर्धं तिकीट आहे का. हे तिन्ही पानावर आहे! एकेक माणूस तेच तीनदा विचारतो. मामा म्हणतात पान काढून टाक, मी म्हणते पानाची मांडणी चुकली असेल. कुणी असं पान केलंय का जेणेकरून फोन खरंच कमी झाले?

बाळीवेस_बापू
ताई, अनोळखी नंबरचे फोन असतील तर ब्लॉक करा ना सरळ. आमच्या दुकानात लोनवाल्यांचे दिवसाला पंधरा फोन यायचे, सेटिंगमधून बंद केले.

सातरस्ता_सई
बापूकाका, हे आमच्याच गिऱ्हाइकांचे फोन आहेत, ब्लॉक केलं तर मामा मलाच ब्लॉक करतील :)

विजय_डिजिटल
सोपं आहे. पानाला `FAQPage` चं मार्कअप लावा, म्हणजे हे प्रश्नोत्तरांचं पान आहे असं गुगलला सांगणारा कोड. मग गुगलवर तुमच्या नावाखालीच प्रश्न-उत्तरं उघडून दिसतात, माणूस साइटवर यायच्या आधीच त्याला उत्तर मिळतं. आणि ४३ कमी आहेत, शंभर तरी करा, आणि लोक शोधतात त्या शब्दांत प्रश्न लिहा.

हिप्परग्याचा_हणमंत
विजय, गुगलवर उत्तरं उघडून दिसायचं ते पूर्वी खरं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलनं ते बंद केलं, तेव्हा फक्त नामांकित सरकारी आणि आरोग्याच्या साइट ठेवल्या, आपल्यासारख्यांचे प्रश्न तसे दिसत नाहीत. मार्कअप ठेवलं म्हणून बिघडत काही नाही, पण त्याच्या भरवशावर फोन कमी होणार नाहीत.

सई, मी सहा वर्षं पुण्यात एका बस बुकिंगवाल्यांच्या कस्टमर केअरला होतो, हेच काम. पान बघायच्या आधी एक कर. फोनशेजारी वही ठेव आणि दोन आठवडे प्रत्येक फोनची एक ओळ लिही. प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, तुझ्या नाही. पुढं तीनच गोष्टी: बुकिंग झालंय की नाही, कुठली ट्रिप, आणि उत्तर दिल्यावर त्यानं लगेच दुसरं काय विचारलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, का ते वही भरल्यावर सांगतो.

अक्कलकोटरोड_अनिता
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते. सासूबाईंना अष्टविनायकला पाठवलं तेव्हा एका ट्रॅव्हल्सला मी चार वेळा फोन केला. त्यांच्या साइटवर पान होतं, मी वाचलंही होतं. त्यात "पिकअप पॉइंटची माहिती प्रवासाआधी कळवली जाईल" एवढंच. मग कधी कळवणार हे विचारायला एक फोन. कळवलं तर नुसतं चौकाचं नाव, मग चौकात नेमकं कुठं म्हणून दुसरा. पाच वाजता म्हणजे पाचला बस सुटणार का पाचला आपण पोचायचं, म्हणून तिसरा. आणि पाच दहा झाले बस नाही म्हणून चौथा. मला फोन करायची हौस नव्हती हो.

हिप्परग्याचा_हणमंत
अनिताताई, वहीचा शेवटचा रकाना तुम्ही भरूनच दिला. सई, हे चारही प्रश्न मुळात एकच आहेत. तुझ्या पानावर ते बहुतेक चार ठिकाणी विखुरलेत, नाहीतर तीन नाहीतच.

निवृत्त_चौकशी
मी एसटीत चौकशीच्या खिडकीत बरीच वर्षं काढली. माझा अनुभव वेगळा आहे. मागं हा एवढा मोठा बोर्ड, पंढरपूर गाड्यांच्या वेळा ठळक लिहिलेल्या, आणि माणूस बोर्ड वाचून खिडकीत येऊन विचारतो, पंढरपूर किती वाजता? नवीन होतो तेव्हा मी बोर्डकडं बोट दाखवायचो. नंतर कळलं की त्याला वेळ नकोच असते. ती गाडी आज आहे का, लागली का, बसायला जागा मिळेल का हे त्याला पाहिजे असतं. बोर्ड रोजचा असतो, त्याचा प्रश्न आजचा असतो. तेव्हा पान कितीही चांगलं केलं तरी हे फोन येणारच. म्हातारी माणसं तर आवाज ऐकायलाच फोन करतात, आपलं नाव नोंदलंय ना एवढी खात्री हवी असते.

सातरस्ता_सई
काका, "बोर्ड रोजचा, प्रश्न आजचा" हे लिहून भिंतीला लावते. वही सुरू केली आजपासून.

काशीला_दोघे
काशीच्या ट्रिपला दोन सीट आहेत का? रेट काय? फोन लागत नाही तुमचा.

सातरस्ता_सई
मेसेज केलाय बघा.

सातरस्ता_सई
(दोन आठवड्यांनी) वही भरली. सुट्टीचे दिवस सोडून २०८ फोन. मला वाटलेलं वेगळं, निघालं वेगळं. १३१ फोन बुकिंग झालेल्यांचे आहेत! माझं पान मात्र निम्म्याहून जास्त बुकिंग कसं करायचं यावर आहे. सगळ्यात जास्त बस कुठं-कधी, मग सीट नंबर, मग आधार, मग मुलं, मग पैसे परत. ४३ पैकी १९ प्रश्न दोन आठवड्यांत कुणी एकदाही विचारले नाहीत. "आपल्या संस्थेचा अनुभव किती वर्षांचा" वगैरे, ते मामांनी घालायला लावलेले.

हिप्परग्याचा_हणमंत
आता या २०८ चे तीन ढीग कर. ज्याचं उत्तर सगळ्यांना सारखं, तो पहिला. ज्याचं उत्तर ट्रिपप्रमाणे बदलतं, तो दुसरा. ज्याचं उत्तर त्या एका माणसापुरतं, तो तिसरा. प्रश्नांच्या पानावर फक्त पहिला ढीग जातो. दुसरा त्या-त्या ट्रिपच्या पानावर. तिसरा पानावर जाऊच शकत नाही, तो बुकिंगच्या मेसेजमध्ये. सीट नंबर हा तिसरा ढीग, त्याचं कितीही सुंदर उत्तर लिही, "सीट नंबर नंतर कळवला जाईल" वाचून माणूस फोनच करणार. आमच्याकडं तेच चुकलेलं, तिन्ही ढीग एकाच पानावर कोंबलेले, त्यामुळं प्रत्येक उत्तर "ट्रिपनुसार बदलू शकते" असं पुळचट झालेलं. पानावर "बदलू शकते", "कळवले जाईल", "नियम लागू" हे शब्द शोध. ते जिथं सापडतील तिथून फोन यायलेत असं समज.

सातरस्ता_सई
शोधलं. २६ वेळा 🙈 आधारचं उत्तर बघा माझं: "शासनमान्य ओळखपत्र आवश्यक, ट्रिपनुसार नियम बदलू शकतात."

हिप्परग्याचा_हणमंत
आणि खरं उत्तर काय?

सातरस्ता_सई
तिरुपतीला ३०० रुपयांच्या दर्शनाच्या तिकिटाला जे ओळखपत्र दिलं तेच, ओरिजिनल. रेल्वेत ओरिजिनल किंवा डिजिलॉकरमधलं आधार चालतं. अष्टविनायकला हॉटेलसाठी कुटुंबातल्या एकाचं तरी लागतं, झेरॉक्स आम्ही काढून घेतो.

हिप्परग्याचा_हणमंत
मग ही तीन उत्तरं तीन ट्रिपच्या पानांवर लिही. आणि मुख्य पानावर प्रश्न लोक विचारतात तसाच ठेव: "आधार ओरिजिनल लागतं का झेरॉक्स चालते?" खाली पहिलं वाक्य "ओरिजिनल जवळ ठेवा", मग तीन ट्रिपच्या तीन लिंक. "आवश्यक कागदपत्रे" असं शीर्षक ठेवलं की माणसाला आपला प्रश्न त्यात दिसत नाही, तो झेरॉक्स हा शब्द शोधत असतो.

विजय_डिजिटल
गुगलचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. पण लोक शोधतात त्या शब्दांत प्रश्न लिहा हे मी पण म्हणत होतोच.

हिप्परग्याचा_हणमंत
हो, ते बरोबर होतं तुझं. शंभर प्रश्नांचं मात्र नको. बस चुकायची वेळ आलीय आणि माणूस मोबाइलवर अंगठ्यानं शंभर प्रश्न खाली सरकवतोय, असं डोळ्यासमोर आण.

जुना_पुणे_नाका
मुलांच्या तिकिटाचं काय लिहिलंय ते पण सांगा. मागच्या मे महिन्यात याच्यावरून माझं एकांशी भांडण झालं, तुम्ही नव्हे, दुसरे. साइटवर "५ ते १२ अर्धे तिकीट" होतं, म्हणून पोराचे अर्धे पैसे भरले, गाडीत चढल्यावर कळलं त्याला बर्थच नाही. रात्रभर मांडीवर.

सातरस्ता_सई
अरे देवा, आमच्या पानावर पण शब्दशः हेच आहे.

निवृत्त_चौकशी
रेल्वेचा नियम असा की ५ वर्षं पूर्ण ते १२ च्या आतलं मूल, बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. २०१६ च्या एप्रिलपासून असं आहे. त्याआधी अर्ध्या भाड्यात बर्थ मिळायचा, लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. ५ च्या आतलं बर्थशिवाय फुकट.

हिप्परग्याचा_हणमंत
बघा, "अर्धे तिकीट" हे उत्तर चूक नाही, पण आई-बापाचा प्रश्न पैशाचा नसतोच, पोरगं झोपणार कुठं हा असतो. सई, असं लिही: "काशीच्या ट्रिपला मुलाला वेगळा बर्थ मिळतो का? पूर्ण भाडं भरलं तरच मिळतो. ५ ते १२ च्या आतल्या मुलाचं अर्धं भाडं भरलं तर बर्थ मिळत नाही, मूल तुमच्याच बर्थवर झोपेल." पहिल्या पाच शब्दांत निकाल लागला पाहिजे. बसचं वेगळं असेल तर ते बसच्या ट्रिपवर.

सातरस्ता_सई
बसला ५ च्या वर सीट घ्यावीच लागते, पूर्ण पैसे. ओके, वेगळं लिहिते.

अशोकचौक_श्रीनिवास
एक राहिलं. आमच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, तुमच्या तिरुपतीच्या बसमध्ये निम्मी माणसं आमच्याकडचीच असणार. माझी आई मराठी बोलते छान, वाचत नाही. तिला तुम्ही लिंक पाठवली तर ती मला फोन करणार, मी कामावर असलो की तुम्हाला. त्यापेक्षा बस कुठं-कधीचा एक मिनिटाचा तेलुगू व्हॉइस मेसेज करून ठेवा, ती दहा वेळा ऐकेल.

सातरस्ता_सई
श्रीनिवास, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ऑफिसात लक्ष्मीअक्का आहेत, त्यांच्या आवाजात करते. अक्कलकोटच्या बाजूच्या लोकांसाठी कन्नड पण करता येईल.

हिप्परग्याचा_हणमंत
उत्तम. आता लिंकचं. तुझी माणसं साइट उघडून प्रश्न शोधत बसत नाहीत, गुगल मॅपवर नाव टाकतात आणि तिथलंच फोनचं बटण दाबतात, पान त्यांच्या वाटेवर येतच नाही. म्हणून उत्तर त्यांच्यापर्यंत न्यायचं. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा पत्ता दे, म्हणजे अख्खं पान न पाठवता नेमकं ते उत्तर पाठवता येतं:

```html
<h3 id="mul-berth">मुलाला वेगळा बर्थ मिळतो का?</h3>
<p>पूर्ण भाडं भरलं तरच मिळतो. ...</p>
```

मग पत्त्याच्या शेवटी `#mul-berth` लावलं की थेट तिथं उघडतं. `id` इंग्रजी अक्षरांतच ठेव, देवनागरी ठेवलं तर कॉपी केल्यावर `%E0%A4` असलं लांबलचक शेपूट होतं आणि म्हातारी माणसं फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. आणि ते दाबल्यावर उघडणारे प्रश्न असतात ना, त्यात घालू नकोस. काही मोबाइलवर लिंकनं तिथं पोचतो पण उत्तर मिटलेलंच राहतं, माणूस नुसता प्रश्न बघून परत फोन करतो. वीसेक प्रश्न असतील तर सगळं उघडंच ठेव.

विजय_डिजिटल
आणि व्हॉट्सअप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात, `/` दाबून शब्द टाकला की आख्खा मेसेज येतो. `/bus`, `/mul` असे करून ठेवा, फोन ठेवता ठेवता लिंक गेली पाहिजे.

हिप्परग्याचा_हणमंत
हे एक नंबर विजय. पुढच्या वेळी तो फोन करायच्या आधी चॅटमध्ये बघतो.

अक्कलकोटरोड_अनिता
पण फोन नंबर लपवू नका हं! काही साइटवर नंबर सापडतच नाही, इतका राग येतो.

हिप्परग्याचा_हणमंत
लपवायचा नाहीच. मी प्रत्येक उत्तराच्या खाली ठेवायचो, "यातून कळलं नाही तर" असं लिहून. वरती मोठा ठेवला की वाचायच्या आधीच हात जातो.

निवृत्त_चौकशी
मला पटत नाही. वरतीच पाहिजे. ज्याला खात्री हवीय त्याला अख्खं पान वाचायला लावणं बरोबर नाही. आणि प्रवासाच्या दिवशीचा नंबर वेगळा ठेवा, बसमधल्या माणसाचा. ऑफिसात बसलेल्याला बस कुठं आली हे माहीतच नसतं, तो परत ड्रायव्हरला फोन करतो, एका प्रश्नाचे दोन फोन.

जुना_पुणे_नाका
काकांशी सहमत. पहाटे पाचला ऑफिसचा नंबर काय कामाचा.

सातरस्ता_सई
नंबर वर का खाली यावर आमच्या घरात पण दोन तट पडलेत. सध्या मामांच्या म्हणण्यानं वर आहे. प्रवासाच्या दिवशीचा नंबर मात्र ट्रिपच्या मेसेजमध्ये टाकला.

बस कुठं-कधी हे आता असं जातं, आदल्या दिवशी दुपारी चारला, प्रत्येकाला त्याच्याच थांब्याचं: "उद्या पहाटे ४:४५ ला आसरा चौकात या. होटगी रोडच्या बाजूला, मेडिकलसमोर. बस ५:०० ला येते, १० मिनिटं थांबते. ५:१५ पर्यंत दिसली नाही तर या नंबरवर फोन करा. तुमचे सीट ११, १२." खाली जागेचं लोकेशन आणि फोटो. अनिताताई, तुमचे चारही फोन यात बसवलेत.

अक्कलकोटरोड_अनिता
५:१५ पर्यंत वाट बघा हे फार आवडलं. कधी काळजी करायची हे कळलं की माणूस निवांत उभा राहतो.

शेळगीचा_सागर
उशिरा येतोय. पानावर "रेल्वे बुकिंग १२० दिवस आधी सुरू" असं असेल तर बघा, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस झालंय. खूप ट्रॅव्हल्सवाल्यांच्या साइटवर अजून जुनंच आहे, लोक चार महिने आधी फोन करतात.

सातरस्ता_सई
आहे!! आत्ता काढते. म्हणजे काशीचे "बुकिंग का सुरू होत नाही" वाले फोन मीच बोलावत होते.

हिप्परग्याचा_हणमंत
रेल्वेचा, देवस्थानाचा नियम जिथं लिहिलाय त्या उत्तराखाली "तपासलं" म्हणून तारीख टाक, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेवढीच उत्तरं बघ, पाच-सहाच असतील. एक नियम एकाच जागी लिही, बाकीकडून लिंक. दोन जागी असला की एक हमखास जुना राहतो आणि दोन्ही वाचणारा फोन करतो.

सातरस्ता_सई
(पाच आठवड्यांनी) हिशोब द्यायला आले. पानावर आता १७ प्रश्न, तीन ट्रिपची वेगळी पानं, तेलुगू आणि कन्नड व्हॉइस मेसेज. परत दोन आठवडे वही भरली. एकूण फोन २०८ चे १९४, मामा म्हणाले एवढा खटाटोप करून १४ फोन? पण तेव्हा ५२ बुकिंगं होती आणि आता सुट्ट्यांमुळं ९७. म्हणजे आधी एका बुकिंगमागं चार फोन, आता दोन.

बस कुठं-कधी जवळजवळ बंद. सीट नंबरचे फोन आदल्या दिवशी चारनंतर येत नाहीत, पण चारच्या आधी येतातच. मुलांचे कमी झाले आणि विचारणाऱ्यांचा प्रश्न बदलला, आता सरळ "पूर्ण भाडं भरतो, बर्थ द्या" म्हणतात.

एक मात्र वाढलं. पैसे परतचं उत्तर आधी "नियमानुसार" होतं, मी तक्ता टाकला, किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार, आणि एक उदाहरण. तर आता लोक तक्ता वाचून फोन करून भांडायलेत, एवढे का कापता म्हणून. आधी ११ होते, आता १९.

हिप्परग्याचा_हणमंत
ते फोन पुढं जाऊन येणारच होते, पैसे कापल्यावर. आता कापायच्या आधी येतायत. हे ११ आणि १९ वेगळ्या जातीचे आहेत, वहीत बघ बरं बुकिंगच्या आधीचे किती.

सातरस्ता_सई
१९ पैकी १४ बुकिंगच्या आधीचे. आधी ११ पैकी २.

निवृत्त_चौकशी
मग चांगलंच आहे. पण एवढे का कापता याचं उत्तर पण तक्त्याखाली लिहा, हॉटेलला आगाऊ किती जातात, बसचे किती. ते सांगायला तुमचे मामा तयार होतील का?

सातरस्ता_सई
विचारलं काका. हॉटेलचं लिहू म्हणाले, बसचं नको म्हणाले. आज संध्याकाळी परत बसतो.

काशीला_दोघे
आमचं बुकिंग झालं, मेसेज पण आला. बनारसला थंडी किती असते, स्वेटर लागतील का?

सातरस्ता_सई
डिसेंबरात लागतील, कानटोपी पण घ्या. आणि हा प्रश्न काशीच्या पानावर नव्हता, आत्ता टाकला.